12 लाख की 10.80 लाख? भागिले 12 करून ठरवू नका

गेल्या वर्षी माझ्या हातात दोन ऑफर्स होत्या, एक 12 लाखांची आणि एक 10 लाख 80 हजारांची. घरी सगळ्यांनी लगेच 12 ने भागून टाकलं, इकडे महिना 1 लाख आणि तिकडे 90 हजार, मग विचार कसला करतोयस. मी दुसरी घेतली. का घेतली ते आकड्यांसकट सांगतो, कारण सध्या ओळखीतले दोनतीन जण याच पेचात आहेत आणि तेही तोच भागाकार करतायत. आकडे सोयीसाठी थोडे गोल केलेत.

पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा खर्च, आणि त्यातला प्रत्येक रुपया दर महिन्याला पगार म्हणून येत नाही हे तुम्हाला माहीतच असेल. पण यात नक्की काय काय बसवलंय हे दर कंपनीत वेगळं असतं आणि तिथेच भागाकार फसतो, कारण तो दोन्हीकडे सारखाच चुकत नाही. सगळीकडे समजा 10 टक्के कमी पडत असते तर तुलना तरी बरोबर आली असती.

पहिली ऑफर उघडून बघू. 12 लाखांत बेसिक 6 लाख, म्हणजे महिना 50 हजार. व्हेरिएबल 15 टक्के, म्हणजे 1 लाख 80 हजार, वर्षातून एकदा. कंपनीचा पीएफचा वाटा पूर्ण बेसिकच्या 12 टक्के, वर्षाला 72 हजार, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, साधारण 28,900. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता 12 हजार. हे सगळं वजा केलं की उरतात साधारण 9 लाख 7 हजार, आणि 12 ने भागायचं ते याला! महिना 75,600 ग्रॉस आला, त्यातून माझा स्वतःचा पीएफ 6 हजार आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स 200 (फेब्रुवारीत 300) गेला की हातात 69,400.

दुसरी ऑफर उघडायला फार वेळ लागला नाही. व्हेरिएबल नाही, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम सीटीसीच्या बाहेर, आणि पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे कंपनीचे 1,800 आणि माझे 1,800. ग्रॉस 88,200, हातात 86,200. भागाकाराप्रमाणे जी ऑफर महिना 10 हजारांनी मागे होती ती प्रत्यक्षात जवळपास 17 हजारांनी पुढे निघाली. टीडीएस दोन्हीकडे शून्य, कारण 2025-26 साठी नव्या कररचनेत 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत टॅक्स लागत नाही. पॅकेज 18-20 लाखांचं असेल तर मात्र टॅक्सही मधे येतो आणि भागाकार अजून लांब जातो.

आता पहिल्या ऑफरवर अन्याय नको. पीएफ हा आपलाच पैसा आहे, त्यावर व्याज मिळतं, आणि तिथे दोन्ही वाटे मिळून महिना 12 हजार जमा होणार होते, दुसरीकडे फक्त 3,600. ते मिळवून बघितलं तर पहिली 81,400 आणि दुसरी 89,800, म्हणजे फरक 17 हजारांवरून 8,400 वर आला. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही आणि ज्याला सक्तीची बचत हवीये त्याने हा मुद्दा नक्की धरावा. ग्रॅच्युइटी मात्र मी दोन्हीकडे शून्य धरली. कायम नोकरीत नोकरी सोडताना ती मिळायला साधारणपणे सलग 5 वर्षं काढावी लागतात, आणि तेवढी काढलीत तर दुसऱ्या कंपनीलाही ती कायद्याने द्यावीच लागते, तिने फक्त पॅकेजमधे दाखवली नाही एवढंच.

म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं व्हेरिएबलवर. वर्षाला साधारण 1 लाखाचा फरक भरून काढायला 1 लाख 80 हजारांतले निदान 56 टक्के मिळायला हवेत. तेवढे मिळाले तर दोन्ही ऑफर्स सारख्या, पूर्ण मिळाले तर पहिली वर्षाला 79 हजारांनी पुढे. कागदावर बघाल तर पहिलीच बरी, हे मी मान्य करतो.

पण याआधीच्या नोकरीत माझं पॅकेज 9 लाख होतं आणि त्यात 90 हजार व्हेरिएबल. एप्रिल ते मार्च पूर्ण वर्ष काम केलं, रेटिंग चांगलं आलं, आणि मे महिन्यात मी राजीनामा दिला. पैसे जुलैच्या पगारात येणार होते. तेव्हा एचआरने ऑफर लेटरमधली एक ओळ दाखवली, पेआउटच्या तारखेला कर्मचारी रोलवर असावा आणि नोटीस पिरियडमधे नसावा. 90 हजारांतला एक रुपया आला नाही, आणि मी ते धरून घराच्या डिपॉझिटचा हिशोब केला होता, शेवटी भावाकडून घ्यावे लागले. केलेल्या कामाचे पैसे तारखेवरून जातात हे मला आजही पटत नाही. तेव्हापासून ऑफर लेटर हातात आलं की मी आकड्याआधी ती ओळ शोधतो.

पहिल्या ऑफरमधे ती ओळ जशीच्या तशी होती. शिवाय मी ऑक्टोबरमधे जॉइन होणार, म्हणजे पहिल्या वर्षी व्हेरिएबल सहा महिन्यांपुरतंच, जास्तीत जास्त 90 हजार, तेही पुढच्या जुलैमधे. मधले नऊ महिने 69,400 वरच काढायचे. मी एचआरला विचारलं की माझ्या लेव्हलला मागच्या दोन वर्षांत किती टक्के पेआउट झाला, तर उत्तर आलं की ते कंपनीच्या आणि तुमच्या परफॉर्मन्सवर अवलंबून असतं. मला हवा होता एक आकडा, तो मिळाला नाही.

तुमच्याकडे व्हेरिएबल दर तिमाहीला मिळत असेल, मागचा पेआउट 80-90 टक्के होता असं आत काम करणारं कोणी सांगत असेल आणि तीनेक वर्षं हलायचा विचार नसेल, तर पहिल्यासारखी ऑफर घ्यायला माझी ना नाही. पुढच्या नोकरीच्या वेळी हाइक बऱ्याचदा आधीच्या सीटीसीवर मोजतात, तिथेही 12 चा आकडा कामाला येतो. मला तो फायदा सोडावा लागला.

फक्त होकार देण्याआधी एचआरकडून ब्रेकअपचा कागद मेलवर मागून घ्या, फोनवर नको, आणि सरळ विचारा की महिन्याचा फिक्स्ड ग्रॉस किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की 1,800, आणि व्हेरिएबल कोणत्या महिन्यात. मी दुसऱ्या कंपनीला हेच विचारलं होतं, संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, आणि पहिल्या पूर्ण महिन्याच्या स्लिपवर 86,200 च होते.