मराठी व्हिडिओला सबटायटल्स: सहा-सात महिने Subtitle Edit वापरल्यावरचा अनुभव

आमच्याकडे जुने धंदे करणाऱ्या लोकांचे छोटे व्हिडिओ करतो आम्ही, दीड-दोन मिनिटांचे, उभे, फोनवर बघायचे. कल्हईवाले, बुरूड, पिंजारी असे लोक. ही माणसं बोलतात भरभर, मागे रस्त्याचा आवाज असतो, आणि बघणारे निम्मे लोक एसटीत नाहीतर ऑफिसात आवाज बंद करूनच बघतात, त्यामुळे सबटायटल्स लागतातच. सुरुवातीला फोनवरचं एक अ‍ॅप वापरायचे, नाव नाही घेत. त्यात मजकूर टाकला की ते आपल्या मनाने सारखे तुकडे पाडायचं आणि तुकडे पाडताना वाक्य कुठे संपतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसायचं. मग कंप्युटरवर Subtitle Edit घेतलं, फुकट आहे, आणि तेव्हापासून तेच वापरतेय.

चांगलं काय ते आधी सांगते. व्हिडिओ उघडला की खाली आवाजाची वेव्हफॉर्म काढून मिळते, म्हणजे माणूस कुठे बोलायला लागला आणि कुठे दम घेतला ते डोळ्यांना दिसतं. तेवढा भाग माऊसने ओढून निवडायचा, राइट क्लिक करून मजकूर टाकायचा, झालं. आणि प्रत्येक सबटायटलचा सेकंदाला किती अक्षरं हा आकडा समोर येतो, मर्यादेच्या बाहेर गेला की रंग बदलतो.

पण हा आकडा मराठीसाठी जसाच्या तसा धरू नका. कंप्युटरच्या हिशोबात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं सुटं असतं. 'त्या' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, पण आत त, हलन्त, य आणि काना असे चार तुकडे साठवलेले असतात. कुठलाही सबटायटल एडिटर घेतला की मी आधी रिकाम्या ओळीत 'त्या' टाईप करून मोजणी बघते. चार दाखवले तर तो तुकडे मोजतोय, एक किंवा दोन दाखवले तर अक्षरांचे गट मोजतोय, आणि त्यावरून मर्यादा काय ठेवायची ते ठरतं. नेटफ्लिक्सची ओळीला ४२ ही मर्यादा सगळे सांगत असतात, पण ती आडव्या स्क्रीनचा विचार करून आहे, उभ्या फोनवर ती घेऊन काही उपयोग नाही. मी डोळ्याने मोजते: एका ओळीत साधारण १४ ते १८ अक्षरं, ओळी जास्तीत जास्त दोन, आणि वेग सेकंदाला सहा-सात अक्षरं. आठच्या वर गेलं की आमच्या आईला शेवटचा शब्द वाचता येत नाही. तीच माझी टेस्टर आहे.

एक खरंखुरं वाक्य घेऊन दाखवते. कल्हईवाले काका भट्टीपाशी बसून एका दमात हे बोलले:

"आता हे भांडं चांगलं तापलं ना, की मग काय करायचं, त्याच्यात थोडा नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो बघा, आणि लगेच कथलाची कांडी फिरवायची आणि कापसानं पुसून घ्यायचं."

हे सगळं नऊ सेकंदांत. मोजलं तर ७३ अक्षरं, म्हणजे सेकंदाला आठच्या वर, आणि वर बघणाऱ्याला भांडंही बघायचंय, नुसतं वाचत बसायचं नाहीये. त्या जुन्या अ‍ॅपने याचे तुकडे केले असते तर 'की मग काय' एकीकडे आणि 'करायचं त्याच्यात थोडा' दुसरीकडे असं काहीतरी झालं असतं. मी असं केलं:

```
12
00:00:41,200 --> 00:00:44,500
भांडं चांगलं तापलं की
त्याच्यात थोडा नवसागर टाकायचा

13
00:00:44,600 --> 00:00:46,200
पांढरा धूर निघतो बघा

14
00:00:46,300 --> 00:00:50,100
लगेच कथलाची कांडी फिरवायची
आणि कापसानं पुसून घ्यायचं
```

'आता हे', 'ना', 'मग काय करायचं' आणि एक 'आणि' गेलं. याने काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला ते ऐकू येतंच आणि वाचणाऱ्याचा वेळ वाचतो. पण 'बघा' ठेवला, तो गेला की काकांचं बोलणं पाठ्यपुस्तकासारखं होतं. 'कापसानं' चं 'कापसाने' पण केलं नाही, माणूस जसा बोलतो तसं लिहायचं, फक्त वाचता येईल इतपत. पहिल्या सबटायटलमध्ये २३ अक्षरं आणि ३.३ सेकंद, म्हणजे सात. दुसऱ्यात १० अक्षरं, १.६ सेकंद. तिसऱ्यात २६ अक्षरं, ३.८ सेकंद. जरा गंमत म्हणजे पहिल्याचेच तुकडे मोजले तर स्पेस धरून ५० भरतात, म्हणजे तेच सबटायटल एक प्रोग्राम सात म्हणेल आणि दुसरा पंधरा.

आता ओळ कुठे तोडायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही शेवटी. काका एकदा म्हणाले, "जास्त तापवायचं नाही, नाहीतर भांडं जातं." हे जर 'जास्त तापवायचं' एका सबटायटलमध्ये आणि 'नाही, नाहीतर भांडं जातं' पुढच्यात असं तोडलं, तर दीड सेकंद प्रेक्षक नेमकं उलटं वाचतो. कल्हईच्या व्हिडिओत हसू येईल, औषधाच्या किंवा गॅस सिलेंडरच्या व्हिडिओत हसण्यासारखं नाही. त्यामुळे 'नाही', 'नको', 'नसतं' आपल्या क्रियापदाला सोडून पुढच्या सबटायटलमध्ये जाता कामा नये, मग त्यासाठी आधीचे दोन शब्द उडवावे लागले तरी चालतील. तसंच 'पुसून' आणि 'घ्यायचं', 'भट्टीच्या' आणि 'मागे' अशा जोड्या एकाच ओळीत. 'की', 'तर' हे आधीच्या ओळीच्या शेवटी बरे वाटतात आणि 'आणि', 'पण', 'म्हणून' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला.

टायमिंगचं थोडक्यात. माणसाचा पहिला आवाज निघतो तिथेच सबटायटल यायला हवं. आधी आलं तर गंमत फुटते, उशिरा आलं तर ओठ आणि अक्षरं जुळत नाहीत. बोलणं संपल्यावर जागा असेल तर थोडं राहू देते. एका शब्दाचं 'हो' असलं तरी सेकंदभर तरी ठेवायचं, आणि सात सेकंदांच्या वर काहीच नाही, लोक तेच परत वाचायला लागतात. दोन सबटायटल्समध्ये निदान दोन फ्रेमची फट ठेवायची (२५ फ्रेमच्या व्हिडिओत ८० मिलिसेकंद, मी वर १०० ठेवलेत), नाहीतर मजकूर बदलला हेच लक्षात येत नाही, विशेषतः दोन्ही सारख्याच लांबीचे असले तर. आणि शॉट बदलतो तिथे शक्यतो सबटायटल पण संपवायचं.

हे सगळं एडिटिंग पूर्ण झाल्यावरच करा. मधून दोन सेकंद कापले की पुढचं सगळं सरकतं. ते एकगठ्ठा मागे-पुढे करता येतं, पण तीन ठिकाणी कापलं असेल तर डोकं फिरतं. अजून एक, सुरुवातीला सगळं जुळतंय आणि शेवटाकडे जात जात फरक वाढत चाललाय असं दिसलं तर टायमिंगला हात लावू नका. फोनचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, त्याने हे होतं. व्हिडिओ आधी ठरावीक फ्रेम रेटला एक्स्पोर्ट करून घ्यायचा आणि मग त्या फाईलवर सबटायटल्स करायची.

फाईल UTF-8 मध्येच सेव्ह करायची, ANSI वगैरे चुकून निवडलं गेलं तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.

यूट्यूबला ही सबटायटल्सची `.srt` फाईल तशीच चढवता येते. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि रील्ससाठी मात्र अक्षरं व्हिडिओतच छापावी लागतात. ते मी ffmpeg या कमांड लिहून चालवायच्या फुकट प्रोग्रामने करते:

```
ffmpeg -i kalhai.mp4 -vf "subtitles=kalhai.srt:force_style='FontName=Mukta,FontSize=14,Outline=1,MarginV=55'" -c:a copy kalhai_sub.mp4
```

इथे आकडे बघून गोंधळायला होतं. हे १४ म्हणजे १४ पिक्सेल नव्हेत. `.srt` साठी ffmpeg स्क्रीनची उंची २८८ धरतो, म्हणजे १९२० उंचीच्या उभ्या व्हिडिओत १४ चे साधारण ९३ पिक्सेल होतात. त्यात परत फाँटची वर-खालची मोकळी जागा धरलेली असते आणि देवनागरी फाँटला ती भरपूर असते, वर रफार-मात्रा, खाली उकार. म्हणून अक्षर वाटतं त्यापेक्षा लहान येतं आणि फाँट बदलला की तोच आकडा वेगळ्या आकाराचं अक्षर देतो. `MarginV=55` मुळे मजकूर तळापासून साधारण ३६७ पिक्सेल वर बसतो. खाली रीलचं नाव आणि कॅप्शन येतं, त्याच्याखाली आपली ओळ जायला नको. दोन ओळींच्या तीन झालेल्या दिसल्या तर समजायचं की एक ओळ रुंदीत मावली नाही आणि प्रोग्रामने स्वतःच तोडली. तेव्हा फाँट बारीक करण्यापेक्षा ओळच कापा.

फाँटमध्ये मुक्त आणि बलू दोन्ही वापरून बघितले (दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, फुकट मिळतात). बलू गोंडस आहे पण जाड आहे, छोट्या आकारात भरल्यासारखा दिसतो, म्हणून मुक्त. काळी बॉर्डर पातळच ठेवा, जाड केली की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातल्या बारीक फटी बुजतात. आणि पूर्ण व्हिडिओ छापण्याआधी पहिल्या दहा सेकंदात 'दुसऱ्या', 'कल्हई', 'निर्मळ' असे शब्द टाकून बघा. जोडाक्षरं सुटी पडली, हलन्त दिसायला लागले किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली तर दोष फाँटचा असेलच असं नाही, ffmpeg चं ते बिल्ड हार्फबझ या जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीशिवाय बनवलेलं असू शकतं. दुसरं बिल्ड उतरवून घ्या.

वेळेचं विचाराल तर दोन मिनिटांच्या व्हिडिओला मला अजूनही तासभर लागतो, त्यातला अर्धा ऐकून टाईप करण्यात. कोणी रोज तीन रील टाकत असेल तर एवढं जमणार नाही, त्यांनी निदान ओळी हाताने तोडाव्यात आणि 'नाही' कुठे पडतंय तेवढं बघावं. आणि तपासताना कंप्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर बघू नका, तिथे सगळंच वाचता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून, आवाज बंद करून, ब्राइटनेस अर्धा ठेवून फोनवर बघा. व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेल्या व्हिडिओत अनुस्वार दिसत असतील तर फाँटचा आकार बरोबर आहे, नसतील तर १४ चे १६ करा आणि ओळी अजून छोट्या करा.