तारीखवार अहवाल की फलितांचा? साक्रीतल्या एका अहवालाची दोन रूपे

प्रकल्प संपला, निधीचा शेवटचा हप्ता अहवालावर अडकलाय आणि हाताशी तारीखवार लिहिलेला चाळीस-पन्नास पानांचा मजकूर आहे. तो तसाच द्यायचा, की आउटपुट म्हणजे केलेलं काम, आउटकम म्हणजे त्यातून झालेला बदल, आणि धडे अशा तीन भागांत नव्याने मांडायचा? साक्री तालुक्यातल्या आमच्या पाणलोटाच्या कामाचा अहवाल मी दोन्ही पद्धतींनी लिहिला. काम दोन वर्षांचं, गावं तीन. नाला खोलीकरण, चार सिमेंट बांधांची दुरुस्ती आणि २२ विहिरींच्या पातळीची नोंद.

पहिला मसुदा डायरीचा. त्यात असं होतं: '१४ नोव्हेंबर. ग्रामसभा. आबा म्हणाले, मन्ही इहीरले पानीच उनं नही.' मग जानेवारीत खालच्या वस्तीवरच्या दोन विहिरी आटल्याची ओळ आणि मे महिन्यात टँकरची मागणी. मधली पानं पोकलेनचं डिझेल, पाहुण्यांच्या भेटी आणि हळदीकुंकवाला जोडून घेतलेली महिलांची बैठक यांनी भरलेली. लिहिणाऱ्याला ही मांडणी सोपी, कारण कष्ट आधीच झालेले असतात. वाचणाऱ्याला मात्र त्या तीन नोंदी तीन वेगळ्या तक्रारी वाटतात. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या मसुद्यासाठी डायरीची प्रिंट काढून रंगीत पेन्सिली घेतल्या. जे बांधलं किंवा खोदलं ते निळं, जे बदललं ते हिरवं, जे अपेक्षेप्रमाणे झालं नाही ते लाल. निम्म्याहून जास्त मजकुराला रंगच लागला नाही; तो परिशिष्टात गेला. निळ्याचं काम तासाभरात झालं, कारण प्रस्तावातल्या उद्दिष्टांसमोर आकडे मांडायचे एवढंच. फक्त 'प्रशिक्षणाला ६० जण आले' हे आउटपुटच राहतं, ते आउटकममध्ये ढकलू नका. त्यातल्या किती जणांनी नंतर पाणी पाहून रब्बीचं पीक बदललं, हे आउटकम.

खरी कसोटी हिरव्याची. बांधांच्या जवळच्या १५ विहिरींची मे महिन्यातली पातळी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी सरासरी ३.१ मीटरने वर होती. डायरीत हा आकडा आनंदाने लिहिला होता. पण दुसऱ्या वर्षाच्या मेआधीचा पावसाळाच चांगला गेला होता. शेजारच्या, काम न झालेल्या गावातल्या चार विहिरी आम्ही सुदैवाने मोजल्या होत्या. त्याही १.२ मीटरने वर आल्या होत्या. म्हणजे कामाच्या नावावर फार तर १.९ मीटर मांडता येतात, तेही 'अंदाजे' म्हणून. चार विहिरींवर याहून मोठा दावा उभा राहत नाही.

इथे डायरीनेच वाचवलं. एका विहिरीचा आकडा विचित्र होता. त्या दिवशीची नोंद पाहिली तर 'सकाळपासून मोटर चालू' असं लिहिलेलं. ते मोजमाप सरासरीतून आधीच काढून टाकलं होतं, पण का काढलं ते डायरीमुळे सांगता आलं. म्हणून मूळ वही फेकू नका.

उरलेल्या सात विहिरी लाल रंगात आल्या. त्या नकाशावर टाकल्यावर दिसलं की सातही एका काळ्या दगडाच्या उभ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला आहेत. धुळे-नंदुरबार भागात असे डाइक पुष्कळ. काही भेगाळलेले असतात आणि पाणी वाहू देतात, काही भिंतीसारखे अडवतात. आमचे चारही बांध पट्ट्याच्या वरच्या अंगाला होते. आबांची तक्रार, आटलेल्या विहिरी आणि टँकर ही एकच गोष्ट होती, आणि सहा महिने ती आमच्या वहीत तीन तुकड्यांत पडून होती.

यातून धडा लिहिला तो असा: 'बांधाची जागा ठरवण्याआधी नाल्याच्या दोन्ही काठांनी चालत डाइक नोंदवावेत, आडवा डाइक असेल तर खालच्या विहिरींना लाभार्थी धरू नये.' याआधी त्या जागी 'लोकसहभाग अत्यंत महत्त्वाचा आहे' असं वाक्य होतं. ते कुठल्याही गावाच्या अहवालात चालेल, म्हणून खोडलं.

नव्या मांडणीत एक गोष्ट हरवते: उशीर का झाला ते. आमचं खोलीकरण पावसामुळे लांबलं आणि खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला गेला. निधी देणाऱ्याच्या लेखा विभागाला हा क्रम लागतोच. त्यासाठी एका पानाची कालरेषा जोडली.

आता तुमचं. काम सुरू होण्याआधीची मोजमापं असतील तर तीन भागांत मांडाच; आमच्या ४६ पानांची १४ पानं झाली, त्याला नऊ दिवस लागले. मोजमापं नसतील किंवा प्रकल्प सहा महिन्यांचाच असेल, तर आउटकमचा रकाना ओढूनताणून भरू नका. केलेलं काम आकड्यांत द्या, 'परिणाम मोजलेले नाहीत' असं साफ लिहा, बाकी क्रम तारखांचाच राहू द्या. आणि नंतरचा प्रकल्प मिळाला तर कुदळ मारण्याआधी, मे महिन्यात, दोरी घेऊन विहिरींवर फिरा. काठावर रंगाची एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा.