रथ की भाग्यचक्र? परदेशी निघालेल्या जोडप्याच्या स्प्रेडमधली दोन कार्डं

परदेशातल्या नोकरीचा प्रश्न घेऊन जोडपं टॅरो रीडिंगला बसलं आणि मांडलेल्या कार्डांच्या स्प्रेडमध्ये रथ आणि भाग्यचक्र दोन्ही निघाली, की बरेच रीडर ‘जा’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही मेजर आर्कानातली, म्हणजे टॅरोच्या मुख्य गटातली कार्डं, दोन्हीत चाक, दोन्हीत हालचाल. पण एकट्या माणसाच्या रीडिंगमध्ये खपून जाणारं हे उत्तर जोडप्याच्या रीडिंगमध्ये खपत नाही. तिथे ही दोन कार्डं बहुधा दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात, आणि कुठलं कार्ड कुणाच्या वाट्याला आलं यावर सगळा अर्थ फिरतो.

आधी चित्रं नीट बघू. मी १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट डेकबद्दल बोलतेय. वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला. सातव्या कार्डावरचा रथ विजयाचा म्हणून ओळखला जातो, पण तो चालतोय का? पुढचे दोन स्फिंक्स, एक काळा आणि एक पांढरा, चक्क बसलेले आहेत. सारथ्याच्या हातात लगाम नाही, फक्त एक दंड आहे. शहर आणि नदी त्याच्या पाठीमागे पडलेली. आणि नवशिके हमखास चुकवतात ती गोष्ट म्हणजे सारथ्याचं कमरेखालचं शरीर दिसतच नाही, तो त्या चौकोनी दगडी रथातूनच उगवल्यासारखा वाटतो. म्हणजे निर्णय त्याचा, दिशा त्याची, पण मनात आलं म्हणून खाली उतरणं सोपं नाही. नोकरीच्या करारावर सही केलेल्या माणसाचं याहून नेमकं चित्र मला सुचत नाही.

दहाव्या कार्डावर सारथीच नाही. चक्र ढगांत तरंगतंय. डाव्या बाजूने साप खाली उतरतोय, उजवीकडून कोल्ह्याच्या तोंडाचा हर्मान्युबिस वर चढतोय, माथ्यावर तलवार घेऊन स्फिंक्स बसलाय. जुन्या मार्सेय डेकमध्ये तर चक्राला फिरवायचा दांडा काढलेला आहे आणि तो धरणारं कुणीच नाही. कंपनीची फेररचना, चलनाचा भाव, त्या देशाने बदललेले व्हिसाचे नियम, अचानक आलेली बदलीची ऑर्डर हा सगळा चक्राचा प्रांत. ते चांगलं की वाईट हे चक्र सांगत नाही. एकाच क्षणी कुणी चढतंय आणि कुणी उतरतंय, एवढंच ते दाखवतं. जोडप्याच्या बाबतीत हे शब्दशः खरं ठरू शकतं: तोच बदल एकाला वर नेतो आणि दुसऱ्याला खाली.

ज्योतिष येणाऱ्यांना इथे एक मोह होतो. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्या मंडळाच्या परंपरेत रथाला कर्क रास दिली आहे आणि चक्राला गुरू. गुरू कर्केत उच्चीचा, त्यामुळे दोन कार्डं एकत्र दिसली की ‘उत्तम योग, निघा’ असा निष्कर्ष ओठांवर येतो. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. उच्चीच्या गुरूपेक्षा कर्क म्हणजे घर, ही गोष्ट इथे जास्त कामाची आहे. रथावरचं चांदण्यांचं छत हे सारथ्याने बरोबर घेतलेलं घरच आहे. म्हणून रथ ज्याच्या जागी येतो, तो घर सोबत नेता येतं असं धरून चालतो. चक्राच्या जागी असलेल्याला तशी खात्री नसते.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. पत्नीला परदेशातून तीन वर्षांच्या कराराची ऑफर आहे. पतीची इथे स्थिरावलेली नोकरी आहे. गेला तर तो तिच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर जाणार. स्प्रेड सहा कार्डांचा: पहिलं तिचं, दुसरं त्याचं, तिसरं दोघांच्या मधलं, चौथं ‘गेलो तर पहिलं वर्ष’, पाचवं ‘राहिलो तर पहिलं वर्ष’, सहावं नजरेतून सुटलेलं. तिच्या जागी रथ आला, त्याच्या जागी भाग्यचक्र. मधे टू ऑफ पेंटॅकल्स, गेलो तर सिक्स ऑफ स्वोर्ड्स, राहिलो तर फोर ऑफ पेंटॅकल्स, आणि सुटलेलं एट ऑफ पेंटॅकल्स.

ती सारथी आहे हे सांगायला कार्डांची गरज नव्हती. कार्डांनी सांगितलं ते असं, की याच स्थलांतराला ती निर्णय समजते आणि तो घटना समजतो. तिच्या बोलण्यात ‘आपण ठरवलं’ येईल, त्याच्या बोलण्यात ‘आता जावं लागतंय’. रीडरने इथेच थांबून दोघांना वेगवेगळं विचारावं: या योजनेतली कुठली गोष्ट तुमच्या हातात आहे? ती तारीख, शहर, पगाराची बोलणी अशी यादी देईल. त्याच्याकडे यादीच नसेल, तर चक्राचा अर्थ तिथेच पक्का झाला. त्याने मात्र खुशीत ‘मला नोकरीतून सुटायचंच होतं’ असं म्हटलं, तर तो चक्राच्या चढत्या बाजूला आहे आणि रीडिंगचा सूर पार वेगळा होतो.

टू ऑफ पेंटॅकल्सवरचा तरुण दोन नाणी खेळवतोय आणि त्याच्यामागे समुद्रात जहाजं हेलकावतायत. दोन पगारांचा एक पगार होणार, हिशेब दोन चलनांत होणार. मधल्या जागेला हे कार्ड अगदी साजेसं आहे. सिक्स ऑफ स्वोर्ड्सचा अर्थ मात्र आधीच्या दोन कार्डांशी जोडूनच लागतो. नाव वल्हवणारा एक, पुढे पाठमोरे बसलेले दुसरे. तलवारीही नावेतच आहेत, म्हणजे जुने प्रश्न सोबत येणार. पलीकडचं पाणी शांत आहे, प्रवास होईल, पण पहिलं वर्ष ती वल्हवणार आणि तो बसून असणार. हे दोघांनाही जड जाईल: तिला दमणूक, त्याला बसून राहणं.

एट ऑफ पेंटॅकल्स नजरेतून सुटलेल्याच्या जागी यावं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गावापासून दूर, बाकावर एकटा बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर. पतीच्या कामाचं काय, हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवलेलाच नाही. अशा व्हिसावर जोडीदाराला काम करता येतं का, ते देशादेशाप्रमाणे आणि व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. ते कार्ड सांगणार नाही, कागद सांगतील. रीडरचं काम इतकंच, की ही चौकशी फोर ऑफ पेंटॅकल्सकडे बघून घाबरण्याआधी करा, असं त्यांना बजावणं. ते पाचवं कार्ड, नाणं छातीशी कवटाळून बसलेला माणूस, ‘राहिलात तर चुकलात’ असं म्हणत नाही. पैसा सुरक्षित राहील आणि घरातलं वातावरण आवळलेलं राहील, एवढंच त्यातून दिसतं.

हीच दोन कार्डं अदलाबदल होऊन आली असती, तिच्या जागी चक्र आणि त्याच्या जागी रथ, तर? मग ऑफर तिची असली तरी ओढ त्याची आहे. कंपनीने तिच्यापुढे बदली टाकली, आणि परदेशाचं स्वप्न तो कधीपासून बघतोय. असं जोडपं वरवर जास्त एकमताचं दिसतं आणि म्हणून मला जास्त काळजीचं वाटतं, कारण जिला रोज कामावर जायचंय तिलाच नको असण्याची शक्यता कुणी तपासत नाही. इथे मी सरळ तिला विचारेन: ही ऑफर तो सोबत येणार नसता तर घेतली असतीस का?

व्यक्तीच्या जागेऐवजी ‘गेलो तर’च्या जागी आल्यावर फरक आणखी स्पष्ट होतो. तिथे रथ आला तर जे घालाल ते मिळेल. फळ कष्टाच्या प्रमाणात, पण दोन्ही स्फिंक्स एका दिशेला वळले तरच. तिथे चक्र आलं तर पहिल्या वर्षात परिस्थिती एकदा तरी उलटेल, कुठल्या दिशेने ते माहीत नाही. म्हणून रथ असेल तर तयारी कामाची करा, चक्र असेल तर तयारी परतीची ठेवा: काही महिन्यांचा खर्च बाजूला, करार मधेच संपला तर परतीचं भाडं कोण देणार याचं लेखी उत्तर, इथलं घर लगेच न मोडणं. चक्राच्या चार कोपऱ्यांत ढगांवर बसलेले देवदूत, गरुड, सिंह आणि बैल पुस्तक उघडून बसलेत, भोवती काहीही फिरो. करार वाचणाऱ्यांचं चित्र म्हणून मी ते दाखवते. हा अर्थ माझा, वेट यांचा नव्हे.

उलटी कार्डं वाचत असाल तर थोडक्यात: उलटा रथ इथे बहुतेक वेळा दोघांतला न बोललेला मतभेद असतो, नकार नव्हे. उलटं चक्र म्हणजे तारीख पुन्हा पुन्हा पुढे जाणं. दोन्ही उलटी आली तर त्या दिवशी निर्णयाचा प्रश्न बाजूला ठेवून ‘अजून काय ठरायचं बाकी आहे’ एवढंच विचारावं.

वेळेबद्दल विचारतातच. रथाला कर्केचा काळ, साधारण २१ जून ते २२ जुलै, देण्याची पद्धत आहे. मी ती फार ताणत नाही. चक्रावरून महिना सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, कारण गुरूला राशिचक्र पुरं करायला जवळपास १२ वर्षं लागतात आणि कुणाचा करार एवढा लांब नसतो.

खुलाशासाठी जादा कार्ड काढायचं असेल तर ते चक्रावर काढा, रथावर नको. रथावर काढलेलं कार्ड सारथ्याला त्याच्याच मनातलं पुन्हा ऐकवतं आणि तो आणखी हट्टाला पेटतो. चक्रावर काढताना प्रश्न ‘पुढे काय होईल’ असा नसावा, ‘या बदलात चक्राच्या जागी असलेल्याच्या हातात काय देता येईल’ असा असावा, आणि ते कार्ड त्यालाच उचलू द्यावं.