उर्दू मराठीच्या शेजारी ठेवावी की खालच्या ओळीत?

समजा, मिरजेतल्या एका पाटीच्या फोटोतला मजकूर साध्या .txt फाइलमध्ये उतरवायचा आहे. पाटीवर डावीकडे ‘दर्गा रोड, मिरज’, मग उर्दूत ‘दरगाह’ आणि शेवटी पिनकोड.

सगळं जसंच्या तसं एका ओळीत टाईप केलंत तर पडद्यावर पिनकोड उडी मारून मिरज आणि उर्दू शब्दाच्या मध्ये येतो. फाइलमध्ये क्रम बरोबरच असतो, बिघडतं ते फक्त दिसणं. उर्दूनंतर आलेले 416410 हे इंग्रजी आकडे युनिकोडच्या नियमाने उर्दूचाच भाग धरले जातात, म्हणून ते शब्दाच्या डावीकडे जाऊन बसतात. गंमत म्हणजे ४१६४१० असं देवनागरीत लिहिलंत तर काहीच हलत नाही, कारण देवनागरी आकड्यांना युनिकोड अक्षरांसारखीच डावीकडून उजवी दिशा देतं. पण पाटीवर इंग्रजी आकडे असतील तर ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही.

एक ओळ तशीच ठेवायची असेल तर उर्दूभोवती न दिसणारी कुंपणं घाला. ही चिन्हं 2013 पासून युनिकोडमध्ये आहेत. पायथॉनमध्ये, urdu या नावात उर्दू शब्द आधीच ठेवलाय असं धरून:

```
s = "दर्गा रोड, मिरज \u2067" + urdu + "\u2069 416410"
```

पिनकोड जागेवर राहतो. पण ही चिन्हं मजकुरातच राहतात. पुढे हीच ओळ एक्सेलमध्ये गेली की वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी जुळत नाहीत, आणि कारण शोधताना डोकं फिरतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या जागी चौकोनही दिसतात.

दुसरी वाट म्हणजे उर्दू स्वतंत्र ओळीत. कुंपण लागत नाही, शोधही नीट चालतो. मात्र त्या ओळीच्या सुरुवातीला ‘१.’ असा देवनागरी क्रमांक घालू नका. दिशा आपोआप ठरवणारे एडिटर ओळीतलं पहिलं ठाम दिशेचं चिन्ह पाहतात, त्यामुळे ती ओळ डावीकडून सुरू होते. ‘1.’ चालतो. तोटा एवढाच, की उर्दूचा तुकडा मराठीच्या कोणत्या तुकड्याशी जोडलेला होता ते हरवतं. दोन रकाने असलेल्या लग्नपत्रिकेत ते फार जाणवतं.

तिसरी वाट काही डीटीपीवाले धरतात: अक्षरं उलटी टाईप करून ‘बरोबर दिसतंय’ म्हणायचं. ती सोडाच. हाती आलेली फाइल तशी नाही ना, हे उर्दू शब्दाचं पहिलं अक्षर विचारून कळतं:

```
print(hex(ord(urdu[0])))
```

‘दरगाह’साठी 0x62f, म्हणजे दाल, यायला हवा. 0x6c1 आला तर शब्द उलटा भरलाय.

मजकूर शोधासाठी किंवा यादीसाठी असेल तर मी स्वतंत्र ओळच घेईन. पत्ता कुणाला एका नजरेत वाचायचा असेल, तरच कुंपण.