गव्हर्नर, स्लॅक अॅडजस्टर, स्प्रिंग ब्रेक: इंग्रजी नाव ठेवायचं, मराठी करायचं की काम सांगायचं?

कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या शेडमध्ये भिंतीवर लावायला एअर ब्रेकचा मराठी तक्ता करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. शेठच्या हातात अमेरिकन ड्रायव्हर लायसन्सच्या पुस्तकातली एअर ब्रेकची पानं होती, ते म्हणाले हेच मराठीत लिही, आपल्या पोरांना कळलं पाहिजे. मला वाटलं दोन दिवसांचं काम आहे. दीड महिना गेला, कारण प्रत्येक शब्दाला तीन रस्ते होते आणि तिन्ही शब्दांना एकच रस्ता चालत नाही. तुम्हीपण तुर्भ्याला, भिवंडी रोडला, कुठेही गाडीवाल्यांसाठी असा तक्ता करणार असाल तर कुठल्या शब्दाला काय निवडायचं ते सांगतो.

तीन रस्ते म्हणजे, एक, इंग्रजी नाव जसंच्या तसं देवनागरीत. दोन, शुद्ध मराठी नाव, सरकारी कागदावर असतं तसलं. तीन, नाव बाजूला ठेवून तो पार्ट काय करतो ते चार शब्दांत. दुसऱ्या रस्त्याचा निकाल लवकर लागला. गव्हर्नरला मी आधी "नियामक" लिहिलं होतं, डिक्शनरीत तर पहिला अर्थ राज्यपालच येतो. कागद घेऊन चार फिटरना विचारलं, नियामक दाखवा. एकानेही गाडीत कुठे बोट ठेवलं नाही. "ढिलाई समायोजक" वाचून आमचे मोठे फिटर मामा म्हणाले, "दादा, हे दुकानात मागितलं तर कोण देईल?" तिथेच तो विषय संपला. पार्ट दुकानातून ज्या नावाने येतो ते नाव तक्त्यावर नसेल तर तक्त्याचा उपयोग नाही.

म्हणून मी सगळीकडे इंग्रजी नाव ठेवलं आणि गव्हर्नरवर अडकलो.

आपल्याकडे फिटरला गव्हर्नर म्हटलं की त्याच्या डोक्यात डिझेल पंपाचा गव्हर्नर येतो, ड्रायव्हरला म्हटलं की स्पीड गव्हर्नर, जो गाडी 80 च्या वर जाऊ देत नाही तो. आणि पुस्तकातला गव्हर्नर तिसराच आहे, हवेच्या टाकीत किती हवा झाली ते बघून कंप्रेसरला भर किंवा थांब सांगणारा. तक्ता लागून आठवडा झाला नसेल, एक दहा टायर गाडी आली, ड्रायव्हरची तक्रार अशी की हवेचा काटा थांबतच नाही, वर वर जातो आणि टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्स फुस्स करत राहतो. नवीन पोरगा होता, त्याने प्रामाणिकपणे तक्ता वाचला, त्यात मी लिहिलेलं "काटा थांबत नसेल तर गव्हर्नर तपासा", आणि तो सरळ डिझेल पंपाकडे गेला. पंपाचं सील बघितलं, रॉड हलवून बघितला, तीन तास गेले. मामा जेवून आल्यावर त्यांनी टाकीत हवा भरणं थांबवणारा अनलोडर उघडला तर आत तेल आणि काजळीचा गोळा, पिस्टन अडकलेला. नवीन अनलोडर टाकला, काटा साडेआठ बारच्या आसपास थांबला, खालून एकदाच जोरात हवा सुटली आणि काम झालं. चूक त्या पोराची नव्हतीच, तक्त्यावरचा शब्द माझा होता.

तेव्हा गव्हर्नरसाठी माझं मत, नुसतं इंग्रजी नाव इथे धोक्याचं आहे. आपल्या बऱ्याच गाड्यांत हे काम अनलोडर करतो, कित्येकदा तो एअर ड्रायरमध्येच बसवलेला असतो, म्हणजे पुस्तकातला शब्द सोडून गाडीतला पार्ट बघून नाव द्यायचं. मी आता लिहितो "अनलोडर, म्हणजे हवेचा कट ऑफ", आणि खाली एक ओळ की डिझेल पंपाचा गव्हर्नर वेगळा. बाहेरच्या गाडीचं भाषांतर असेल आणि तिथे खरंच गव्हर्नर नावाचा वेगळा पार्ट असेल तर "हवेचा गव्हर्नर" लिहा, हवेचा हा शब्द कधीच गाळू नका.

काम सांगताना अजून एक चूक मी केली होती ती तुम्ही करू नका. "टाकी भरली की कंप्रेसर बंद होतो" असं लिहिलं होतं. कंप्रेसर बंद होत नाही, इंजिन चालू आहे तोवर तो फिरतोच, फक्त टाकीत हवा भरणं थांबतं. ड्रायव्हर ते वाचून कंप्रेसर फिरताना दिसला की बिघाड समजायला लागले. आता ओळ अशी आहे, "टाकी भरली की हवा भरणं थांबतं, हवा कमी झाली की परत सुरू." तपासायचं पण तसंच, इंजिन चालू ठेवून काट्याकडे बघत बसायचं, कुठे थांबतो ते बघायचं, मग पेडल चार-पाच वेळा दाबून हवा उतरवायची आणि काटा परत कुठून चढतो ते बघायचं. पुस्तकात थांबायचा आकडा 125 पीएसआयच्या आसपास आणि परत सुरू व्हायचा 100 च्या आसपास दिलाय, आपल्या काट्यावर बार असतात, म्हणजे साधारण 8.6 आणि 6.9. आकडा न बदलता 125 तसाच छापला तर ड्रायव्हर त्या काट्यावर काय शोधणार? आणि नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या, सगळ्या गाड्यांना एकच नसतो.

स्लॅक अॅडजस्टरचं उलट. हा शब्द आपल्या गॅरेजमध्ये पक्का बसलाय, कुणी नुसतं स्लॅक म्हणतं, कुणी अॅडजस्टर, पण सगळे एकाच पार्टकडे बोट दाखवतात, हवेने ढकलला जाणारा चेंबरचा रॉड आणि लायनर ड्रमवर दाबणाऱ्या एस कॅमचा शाफ्ट यांना जोडणारा तो लिव्हर. इथे नाव बदलायची काही गरज नाही. लायनर झिजला की लायनर आणि ड्रममधली गॅप वाढते, रॉडला जास्त लांब यावं लागतं, ती गॅप काढायचं काम हा करतो. इथे शब्दाचा घोळ नावात नसून सूचनेत आहे. इंग्रजीत एकच "अॅडजस्ट" लिहून भागतं, मराठीत "अॅडजस्ट करा" लिहिलं की फिटर पाना घेतो आणि टाईट करतो. हाताने टाईट करायच्या जुन्या स्लॅकला ते बरोबर आहे. ऑटो स्लॅकला नाही, तो गॅप आपली आपण काढतो, त्याची गॅप वाढलेली सापडली तर एक तर स्लॅक खराब आहे नाहीतर कॅमचा बुश, पिन, लायनर असं दुसरं काहीतरी गेलंय. पान्याने टाईट केला की चार दिवस ब्रेक बरा लागतो, ड्रायव्हर खूश, आणि मूळ बिघाड तसाच, मग भरलेली गाडी घेऊन तो खंडाळ्याच्या उतारावर जाणार. म्हणून तक्त्यावर मी दोन वेगळे चौकोन केले, एकावर "हाताचा स्लॅक: गॅप वाढली की टाईट करा", दुसऱ्यावर "ऑटो स्लॅक: गॅप वाढली की टाईट करू नका, कारण शोधा". नाव इंग्रजी, क्रियापद मराठी आणि ते प्रत्येकाला वेगळं.

तपासायची ओळ पण द्या, पुस्तकात हाताच्या स्लॅकसाठी आहे: गाडी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, पार्किंग ब्रेक मोकळा, मग स्लॅक हाताने जोरात ओढायचा, रॉड जिथे जोडलाय तिथे तो इंचाच्या वर, म्हणजे साधारण 25 मिलीमीटरच्या वर हलला तर टाईट करायची वेळ आलीय. ठोकळ्याचा शब्द सगळ्यात आधी यायला हवा, इंग्रजी वाक्यात तो शेवटी असेल तरी. माणूस गाडीखाली वाचत नाही, आधी वाचतो आणि मग जातो.

स्प्रिंग ब्रेक हा मला सगळ्यात जास्त वेळ लागलेला शब्द. नाव सोपं आहे, फिटरला माहितीये, तसंच ठेवा. पण ड्रायव्हरला नाव वाचून उलटं कळतं, त्याला वाटतं हवेने ब्रेक लागतो. पेडलच्या ब्रेकला ते खरं आहे. स्प्रिंग ब्रेकमध्ये ब्रेक लावते ती स्प्रिंग, हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते म्हणून ब्रेक मोकळा राहतो. हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो, पुस्तकात पूर्ण लागायचं प्रेशर 20 ते 45 पीएसआय दिलंय, म्हणजे साधारण दीड ते तीन बार. याला नुसतं "पार्किंग ब्रेक" लिहू नका, कारण चालत्या गाडीत पाइप फुटला तरी हाच लागतो आणि ड्रायव्हर फोनवर सांगतो "चाक जाम झालंय", मग फिटर ड्रम उघडायच्या तयारीने जातो, बिघाड मात्र हवेत असतो. मी लिहिलं, "स्प्रिंग ब्रेक: हवा गेली की आपोआप लागतो". मराठीत लावणे आणि लागणे हे दोन वेगळे आहेत हे इथे फार कामाला आलं, ड्रायव्हर ब्रेक लावतो, स्प्रिंग ब्रेक लागतो.

आणि मग "सोडा". इंग्रजीतल्या रिलीजला मी सगळीकडे सोडा लिहिलं होतं. मामांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "चेंबरला हवा सोडा". म्हणाले, "म्हणजे आत सोडू का बाहेर सोडू?" बरोबर होतं त्यांचं, नळाला पाणी सोडलं म्हणजे पाणी आलं आणि टायरची हवा सोडली म्हणजे गेली, आपल्याकडे सोडणे दोन्हीकडे चालतं. स्प्रिंग ब्रेकमध्ये हवा आत गेली तर ब्रेक मोकळा आणि बाहेर गेली तर ब्रेक लागणार, एका शब्दाने उलटं काम होईल आणि त्या वेळी कोणी चाकाजवळ हात घालून बसलेला असू शकतो. पूर्ण तक्त्यातून सोडा काढून टाकला. आता तीनच शब्द आहेत: हवा भरा, हवा काढा, ब्रेक मोकळा करा.

स्प्रिंगच्या चेंबरची सूचना तर भाषांतराच्या चर्चेत घालूच नका, ती सगळ्यात मोठ्या अक्षरात हवी. मागच्या चेंबरमध्ये स्प्रिंग कायम दाबलेली असते, हवा काढली तरी तिचा ताण जात नाही, क्लॅम्प उघडला तर चेंबर गोळीसारखा उडतो आणि याने माणसं मेलेली आहेत. इंग्रजीत "केज" म्हणतात, मी आधी "स्प्रिंग बंदिस्त करा" लिहिलं होतं, कोणाला काही कळलं नाही. आता आहे "रिलीज बोल्ट घालून स्प्रिंग आवळून घ्या, त्याशिवाय चेंबर काढू नका, क्लॅम्प तर कधीच उघडू नका". बोल्टचं नाव इंग्रजीच, कारण चेंबरच्या बाजूला खोचलेला असतो त्याला सगळे तेच म्हणतात, आणि आवळणे हा शब्द रोज हातात असलेला.

छापायच्या आधी एक करा, मी उशिरा केलं. तक्ता घेऊन एका ड्रायव्हरला आणि एका फिटरला वेगवेगळं बसवा, वाचून दाखवू नका, त्यांना वाचू द्या आणि गाडीत बोट ठेवून दाखवायला सांगा. दोघांची बोटं एकाच पार्टवर गेली नाहीत तर तो शब्द बदला. माझे तसे पाच शब्द बदलले, पहिला गव्हर्नर होता.