जोडाक्षर नसलेलं पहिलं वाचन-पुस्तक: सात महिन्यांनंतर

गेल्या रविवारी हर्णैच्या बंदरावर माझी लेक ओरडली, "आई, तीन होडी आल्या!" चार वर्षांची असल्यापासून ती 'होड्या' म्हणत आलीय. आता सहाव्या वर्षी हे कुठून आलं? घरी येऊन पुस्तक उघडलं तर पान ११ वर छापलंय, 'तीन होडी.'

'ड्या' टाळायचं म्हणून अनेकवचनच खाऊन टाकलं. याचा मला मनापासून राग आलाय. ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचं अनेकवचन केलं की बहुतेक वेळा जोडाक्षर येतं: होडी-होड्या, काठी-काठ्या. मग तिथे होडी घेऊच नये. माड घ्यावा, तो एक असो की तीन, माडच राहतो. मासा-मासे घ्यावेत, घर-घरं घ्यावीत. पोराच्या तोंडात असलेली बरोबर मराठी पुस्तकाने बिघडवू नये.

दुसरी अडचण कळायला मला चार महिने लागले. सुरुवातीला मी लेकीलाच रागावत होते. 'नारळ', 'फणस' धडाधड वाचायची आणि 'बकरी'ला अडायची. ब, क, री असं एकेक अक्षर पूर्ण म्हणून मला विचारायची, "बकऽरी म्हणजे काय?" पडवीसमोर बकरी बांधलेली! चूक तिची नव्हती. लिहिताना जोडाक्षर नाही, पण बोलताना आपण 'बक्री'च म्हणतो. पुढच्या अक्षराला काना किंवा वेलांटी असली की मधल्या अक्षरातला 'अ' बहुतेक वेळा गळतो. म्हणून 'कापड' सरळ वाचता येतं आणि 'कपडा' अडतो, 'फणस' जमतो आणि 'फणसाचा' जमत नाही. पुस्तकात हे सगळे शब्द पहिल्या पानापासून सरमिसळ आहेत, कारण निवडताना फक्त डोळ्यांना दिसणारं जोडाक्षर तपासलंय, कानाला ऐकू येणारं नाही.

मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द नव्याने लावले. आधी होडी, मासा, काजू, विळी, म्हणजे प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी किंवा उकार असलेले. मग माड, घर. त्यानंतर नारळ, फणस, गवत. बकरी, कपडा, चमचा सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलीने मधे रेघ मारून: बक/री, कप/डा, चम/चा. दोन तुकडे वेगवेगळे वाचायचे, मग जोडून म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "अगं, ही तर आपली बकरी!" आठवड्याभरात तिने रेघा खोडून टाकल्या.

बाकी चित्रं छान आहेत, अक्षर मोठं आहे. पावसाळ्यात पिना गंजून पानं सुटली, ती मी दोऱ्याने शिवली. साठ रुपये मोजलेत, टाकून देणार नाही. धाकट्याला हेच देईन. पान ११ वर कागदाची पट्टी चिकटवलीय, तिच्यावर लेकीनेच तीन माड काढून खाली लिहिलंय, 'तीन माड.'