वर्कशीटचे तुकडे आणि वेल्क्रोची पट्टी: काही महिने वापरल्यानंतर

लेक चौथीत आहे. एडीएचडीचं निदान झालंय, पण तिचा प्रकार धावपळीचा नाही. ती जागच्या जागी हरवते. पेन्सिल हातात, वही समोर, आणि नजर भलतीकडेच. वर्कशीट पूर्ण करणं हा आमच्याकडचा रोजचा तिढा होता. थेरपिस्टनं दोन गोष्टी सुचवल्या: वर्कशीट एकदम न देता तुकड्यांत द्यायची, आणि टप्पे दाखवणारी चित्रांची पट्टी शेजारी ठेवायची. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन्ही वापरतोय. निकाल आधीच सांगते. तुकड्यांचा फार उपयोग झाला, पण त्यांचा आकार नीट ठरवल्यावरच. पट्टीचाही झाला, फक्त मला वाटलं होतं त्या कामासाठी नाही. आणि सोबत घेतलेला टायमर आता वेगळ्याच कामाला लागलाय.

आधी आकाराबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. ‘छोटे छोटे भाग करा’ असं सगळेच सांगतात, पण छोटे म्हणजे किती? थेरपिस्टनं आकडा दिलाच नाही. म्हणाली, आधी काहीही न सुधारता एक अख्खी वर्कशीट करू द्या आणि पेन्सिल कुठे थांबते ते स्वतःच्या कागदावर टिपून ठेवा. बेरीज-वजाबाकीची मिश्र वर्कशीट होती, २० गणितं. पहिली पाच सरळ गेली. सहाव्या-सातव्याला ती वर बघायला लागली, खोडरबर हातात आला. नवव्यापासून चुका सुरू झाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर एकामागून एक येत गेल्या.

पण चुका मोजून भागत नाही, चूक कोणती आहे ते बघावं लागतं. ४०२ − १७८ या गणिताचं तिचं उत्तर ५८० आलं. म्हणजे तिनं बेरीज केली होती, वजाबाकीचं चिन्ह डोळ्यांखालून गेलंच नव्हतं. ही लक्षाची चूक. तेच उत्तर ३७६ आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला की ३७६ येतं: चारातून एक, सातातून शून्य, आठातून दोन. याचा अर्थ हातचा घेणंच समजलेलं नाही, आणि अशा वेळी वर्कशीटचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात तीच चूक येणार. ओळखायची सोपी खूण म्हणजे पहिल्या ओळीतही तीच चूक आहे का ते बघायचं. पहिल्या ओळीत बरोबर आणि शेवटच्या ओळीत चूक असेल तर लक्ष संपलंय. पहिल्यापासूनच चूक असेल तर वर्कशीट बाजूला ठेवून गणित शिकवायला बसायचं.

तिची गाडी सहाव्या गणिताला अडखळत होती, म्हणून आम्ही चारावर थांबायचं ठरवलं. दमल्यावर थांबवलं तर ‘अभ्यास म्हणजे दमणं’ एवढंच मनात राहतं, म्हणून थोडं आधीच. २० गणितांचे चार-चारचे पाच तुकडे झाले. मध्यंतरी उत्साहाच्या भरात दोन-दोनचे तुकडेही करून बघितले. चुका कमी झाल्या, पण वेळ वाढला. अशा मुलांना काम सुरू करणंच सगळ्यात जड जातं, आणि दोनाचे तुकडे म्हणजे एका पानात दहा वेळा सुरुवात. चुका घटल्या पण एकूण वेळ वाढला, तर तुकडा फार लहान झालाय असं समजावं.

तुकडा कसा पाडायचा यातही बरीच खटपट झाली. कात्रीनं कापले तर शाळेला पान अख्खं हवं असतं. मध्ये खिडकी कापलेलं कार्ड वापरून बघितलं. त्यातून एकच ओळ दिसते, पण झालेलं कामही झाकलं जातं आणि ‘आपण काहीच केलं नाही’ असं तिला वाटायला लागलं. शेवटी साधं, जाड कोरं कार्ड ओळीच्या खाली ठेवतो. पुढचं झाकलेलं, झालेलं उघडं. तुकडा संपला की ते खाली सरकवायचं काम तिचंच. माझा हात कार्डाला लागला की तिचा उत्साह ओसरतो, हे मी कितीदा तरी बघितलंय.

आता पट्टी. हातभर लांबीचा लॅमिनेट केलेला पुठ्ठा, डावीकडे ‘करायचं’, उजवीकडे ‘झालं’, आणि मागे वेल्क्रो लावलेली चित्रांची कार्डं. काम झालं की कार्ड डावीकडून काढून उजवीकडे चिकटवायचं. कार्डांवर काय असावं यावर घरात चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, एक कार्ड ‘लक्ष देऊन कर’ असं हवंच. थेरपिस्टनं ते हसून बाजूला काढलं. जे दुसऱ्याला डोळ्यांनी बघता येत नाही, ते कार्डावर येत नाही. लक्ष दिलं की नाही हे कोण ठरवणार? मग वाद होतो, आणि वादात वर्कशीट राहते.

आमची कार्डं पाचच: नाव-तारीख, चिन्हांना गोल, चार गणितं, एक पडताळा, उठून ये. पहिलं पानाला एकदाच, बाकीची चार दर तुकड्याला पुन्हा डावीकडे येतात. ‘चिन्हांना गोल’ म्हणजे गणित सुरू करण्याआधी त्या तुकड्यातल्या चारही चिन्हांभोवती रंगीत पेन्सिलनं गोल काढायचा. ५८०सारखी उत्तरं याच एका कार्डानं जवळजवळ बंद केली. पडताळ्याचं कार्ड आधी नुसतं ‘तपासलं’ असं होतं. ती पानावरून नजर फिरवायची, कार्ड उजवीकडे चिकटवायची, झालं तपासून. मग तेही दिसेल असं केलं. चारांतलं कोणतंही एक गणित तिनं निवडायचं आणि समासात उलटं करून लिहायचं. वजाबाकीचं उत्तर २२४, तर २२४ + १७८ = ४०२. चारही पडताळायला लावली असती तर पट्टीच फेकून दिली असती.

पट्टीमुळे ती भराभर काम करेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. फरक पडला तो माझ्या तोंडात. आधी दर दोन मिनिटांनी ‘पुढे काय? चिन्ह बघ. तारीख लिहिलीस का?’ अशी रेकॉर्ड चालायची. तोंडी दिलेल्या तीन सूचनांपैकी तिच्या डोक्यात पहिली राहते, कधी कधी तीही नाही. कार्यस्मृती कमी पडते म्हणतात ते हेच. आता मी बोलत नाही, पट्टीकडे बोट करते. तिला बोलणी खाल्ल्यासारखं वाटत नाही आणि मला माझाच आवाज ऐकावा लागत नाही. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली सांगत आलेत की या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, ऐन कामाच्या वेळी ते करणं अवघड जातं, म्हणून आठवण करून देणारी गोष्ट कामाच्या जागीच हवी. हे मला पट्टीची जागा बदलल्यावर कळलं. सुरुवातीला ती समोरच्या भिंतीवर छान दिसत होती आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. वर्कशीटच्या डाव्या कडेला, कोपराशी ठेवली तेव्हा कामाला लागली.

काही आठवड्यांत नवलाई संपली, हेही सांगायला हवं. वेल्क्रो उचकटताना खर्र असा आवाज येतो. तो तिला इतका आवडला की गणित बाजूला आणि खर्र-खर्र सुरू. पेन्सिल खाली ठेवण्याआधीच कार्ड हलायला लागलं, किंवा एकदम दोन कार्डं उजवीकडे गेली, की पट्टी खेळणं झालीय असं ओळखावं. आम्ही वेल्क्रो काढून टाकला. आता त्याच लॅमिनेटवर पुसता येणाऱ्या मार्करनं बरोबरची खूण करायची. तेवढी मजा नाही, पण काम होतं. पुन्हा घेतली तर वेल्क्रोच्या नादी लागणार नाही.

मधली सुट्टी कशी द्यायची यातला एक बारकावा आम्हाला सगळ्यात कामी आला. तुकडा संपवून लगेच उठू द्यायचं नाही. पुढच्या तुकड्यातल्या पहिल्या गणिताच्या एककाचा अंक लिहायचा आणि मगच उठायचं. परत आल्यावर नवी सुरुवात करायची नसते, अर्धवट राहिलेलं पुढे न्यायचं असतं. परतीची कटकट यानं निम्म्याहून कमी झाली. सुट्टीत हालचाल हवी: भिंतीला दोन्ही हातांनी जोर लावून ढकलणं, जिना चढून उतरणं, पाणी भरून आणणं. स्क्रीन नाही. स्क्रीनवरून परत आणणं हे वेगळंच युद्ध आहे.

टायमर घेतला होता तो लाल चकती हळूहळू कमी होत जाणारा. अनेक मुलांना तो मदत करतो, कारण वेळ डोळ्यांना दिसते. आमच्याकडे उलटं झालं. ती चकतीकडे बघत बसायची आणि अक्षर बिघडायचं. आता तो फक्त सुट्टीसाठी लावतो, गणितांसाठी नाही.

भाषेच्या वर्कशीटला हे जसंच्या तसं लागू पडत नाही. ‘पाच वाक्यांत लिहा’ याचे एकेका वाक्याचे तुकडे केले तर प्रत्येक वाक्याला तीच अडचण: काय लिहू? तिथे तुकडा कामाच्या प्रकारानं पाडावा लागतो. आधी ती तोंडानं सांगते, मी फक्त एकेक शब्द टिपते, मग त्या शब्दांवरून ती लिहिते. तरीही लिहिण्याचा टप्पा रेंगाळतोच. तिला लिहायलाच त्रास होतोय का, हे आता वेगळं तपासून घेणार आहोत. औषधाचा प्रश्न डॉक्टरांचा, त्यात ही पट्टी पडत नाही.

शाळेशी बोलणं मात्र करायलाच हवं. बाईंना भरलेल्या पानाचा फोटो दाखवला, कुठून चुका सुरू होतात ते दाखवलं. मोठ्या वर्कशीटमधली फक्त विषम क्रमांकांची गणितं केली तरी चालतील, असं त्यांनी मान्य केलं. जे मूल दहा गणितं बरोबर करतं त्याला तीच पद्धत आणखी दहा वेळा करून नवीन काही कळत नाही, हे त्यांना लगेच पटलं.

हळूहळू कार्डं कमी करतोय. नाव-तारखेचं आधी गेलं, ती आता आपणहून लिहिते. चिन्हांना गोल काढणं मात्र काढून बघितलं तर आठवड्याभरात ५८० परत आलं, म्हणून ते राहिलंय. एक गोष्ट अजून जमलेली नाही: शेवटच्या तुकड्यात ती घाई करते. संपत आलं हे दिसतं आणि हात सुटतो. म्हणून पानाचा क्रम बदलतोय. अवघड ओळ दुसऱ्या तुकड्यात घ्यायची, सगळ्यात सोपी शेवटी ठेवायची, आणि शेवटच्या तुकड्यात पडताळ्याचं गणित तिच्याऐवजी मी निवडायचं.